डोंगल लावलंय, पण दिसत नाही

कंपनीचं आयकर रिटर्न भरायची मुदत साधारणपणे 31 ऑक्टोबर. त्या तारखेच्या आगेमागे कुठल्याही सीएच्या ऑफिसात एक तक्रार हमखास ऐकू येते: ‘डोंगल लावलंय, पण ब्राउझरला दिसत नाही.’ मग डोंगल काढून पुन्हा लावतात, दुसऱ्या पोर्टला लावून बघतात, कॉम्प्युटर बंद करून चालू करतात, क्रोम सोडून फायरफॉक्स उघडतात. यातलं काहीतरी कधीमधी लागू पडतं. नेमकं काय लागू पडलं ते मात्र कुणालाच कळत नाही, त्यामुळे पुढच्या खेपेला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

या धडपडीच्या मुळाशी एक गैरसमज आहे. आपण समजतो की ब्राउझर टोकन शोधतोय आणि त्याला ते सापडत नाही. ब्राउझर टोकन शोधतच नाही. टोकनची आणि त्याची कधी गाठही पडत नाही. हे एकदा नीट कळलं की दुरुस्तीची निम्मी मेहनत वाचते, म्हणून आधी तेवढं बघू.

पेन ड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या त्या टोकनमध्ये एक सुरक्षित चिप असते. सहीसाठी लागणारी गुप्त किल्ली त्या चिपमध्येच तयार होते आणि तिच्याबाहेर कधी येत नाही. तिची नक्कल होऊ नये म्हणूनच तर हे वेगळं यंत्र. रिटर्नवर सही करायची वेळ आली की रिटर्नमधल्या मजकुराचा गणिती सारांश चिपकडे जातो, चिप आत किल्ली वापरून सही करते आणि फक्त सही बाहेर देते. आता प्रश्न असा की वेबसाइटवरचं रिटर्न आणि यूएसबी पोर्टातली चिप यांची भेट घालायची कुणी?

पूर्वी हे काम ब्राउझरच्या आत चालणारा जावाचा छोटा प्रोग्राम, म्हणजे ॲप्लेट, करायचा. पण वेबसाइटवरून आलेल्या प्रोग्रामला तुमच्या कॉम्प्युटरच्या पोर्टांपर्यंत हात घालू देणं धोक्याचं ठरायला लागलं. क्रोमने सप्टेंबर 2015मध्ये 45व्या आवृत्तीपासून असल्या प्लगइनना दार बंद केलं, फायरफॉक्सने मार्च 2017मध्ये. इंटरनेट एक्सप्लोरर तेवढा राहिला होता, तोही 15 जून 2022ला निवृत्त झाला. ‘पूर्वी एक्सप्लोररमध्ये चालायचं हो’ असं अजून काही जण सांगतात. ते खरंच आहे, पण आता त्याचा उपयोग नाही.

ॲप्लेटच्या जागी आली युटिलिटी. हा प्रोग्राम तुमच्याच कॉम्प्युटरवर बसवायचा असतो आणि तो पडद्यामागे सतत चालू राहतो. ब्राउझर त्याच्याशी बोलतो, तो टोकनशी बोलतो. दोघांमधला दुभाषाच म्हणा ना. 7 जून 2021ला सुरू झालेल्या नव्या आयकर पोर्टलसाठी ही युटिलिटी म्हणजे ईमुद्रा कंपनीची एम्ब्रिज. गोंधळ असा की पोर्टलच्या पानावर तिचा उल्लेख `emsigner utility` असा येतो, आणि जीएसटी पोर्टलला लागणारी, त्याच कंपनीची पण वेगळी युटिलिटी आहे, तिचं नावही एमसाइनर. जीएसटीची बसवलेली असली म्हणजे आयकराचं काम भागेल असं समजून बसणारे पुष्कळ आहेत. नाही भागत. दोन्ही पोर्टलं वापरत असाल तर दोन्ही युटिलिट्या लागतात.

तर साखळी अशी: टोकन, टोकनचं स्वतःचं सॉफ्टवेअर, एम्ब्रिज आणि शेवटी ब्राउझर. तपासणी याच क्रमाने करायची. आपण नेमके उलटे जातो, शेवटच्या कडीपासून सुरुवात करतो, आणि बिचाऱ्या ब्राउझरची सेटिंगं उलटीपालटी करत बसतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, इचलकरंजीतल्या एका छोट्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचं रिटर्न तयार आहे. संचालकांचं टोकन ऑफिसात आलंय. आर्टिकल मुलाने रिटर्न अपलोड केलं, डीएससीचा पर्याय निवडला, ‘युटिलिटी डाउनलोड करून बसवली आहे’ या वाक्यापुढच्या चौकटीत खूण केली आणि पुढे गेला. पडद्यावर सहीचं पान येतं. त्यावर तीन रकाने असतात: `Provider`, `Certificate` आणि `Provider Password`. हे पान काय दाखवतंय ते शांतपणे वाचलं, तर तुटलेली कडी कुठली हे तिथेच बरंचसं कळतं. हे पानच येत नसेल आणि युटिलिटी बसवा किंवा चालू करा असं पोर्टल सांगत असेल, तर दोष एम्ब्रिज आणि ब्राउझर यांच्यामध्ये आहे. टोकनला हात लावायची गरज नाही. पान आलं, पण `Provider`च्या यादीत आपलं टोकन नाही, तर एम्ब्रिज ठीक आहे आणि दोष खालच्या दोन कड्यांत आहे. टोकन दिसतंय, पण `Certificate` रिकामं, तर टोकनमधलं प्रमाणपत्र तपासायला हवं.

आपल्या उदाहरणातल्या मुलाला `Provider`ची यादी रिकामी दिसते. तो म्हणतो, ‘सर, पण माय कॉम्प्युटरमध्ये तर टोकन दिसतंय.’ इथे भलेभले फसतात. बाजारात चालणारी ईपास2003 किंवा प्रॉक्सकीसारखी टोकनं पोर्टात घातली की विंडोजला एक सीडी ड्राइव्ह दाखवतात. त्या ‘सीडी’त फक्त टोकनचं सॉफ्टवेअर बसवायची फाइल असते. ती दिसली याचा अर्थ यूएसबीतून वीज आणि थोडी माहिती येतेय, एवढाच. चिप ओळखली गेली की नाही, हे त्यावरून कळत नाही. ते पाहायचं तर विंडोजचं बटण आणि R एकत्र दाबून हे लिहायचं:

```
devmgmt.msc
```

उघडलेल्या यादीत `Smart card readers` या नावाखाली टोकनची नोंद असली पाहिजे. ही नोंदच नसेल, किंवा तिच्यावर पिवळा त्रिकोण असेल, तर पहिलीच कडी तुटली आहे. तेव्हा टोकन डेस्कटॉपच्या मागच्या बाजूच्या पोर्टात थेट लावून बघावं. चार पोर्टांचा स्वस्तातला हब आणि डब्याच्या पुढच्या बाजूचं सैल झालेलं पोर्ट हे मोठे गुन्हेगार असतात. तरीही नोंद येत नसेल तर `services.msc` उघडून `Smart Card` ही सेवा चालू आहे का ते पाहावं. ती बंद असेल तर टोकन कितीही चांगलं असो, विंडोज त्याच्याशी बोलणार नाही.

मुलाच्या कॉम्प्युटरवर नोंद व्यवस्थित आहे. म्हणजे दुसरी कडी पाहायची, टोकनचं सॉफ्टवेअर. ज्याला सरसकट ‘ड्रायव्हर’ म्हणतात ते खरं तर ड्रायव्हरपेक्षा जास्त काम करतं. चिपशी कुठल्या भाषेत बोलायचं हे सांगणारी फाइल त्यात असते आणि एम्ब्रिज तीच फाइल शोधत असते. प्रत्येक कंपनीच्या टोकनची फाइल वेगळी. प्रॉक्सकीचं सॉफ्टवेअर असलेल्या कॉम्प्युटरवर ईपासचं टोकन लावलं तर विंडोजला रीडर दिसेल, पण एम्ब्रिजला त्याच्याशी बोलता येणार नाही. आपल्या उदाहरणात नेमकं हेच झालंय: ऑफिसातल्या बहुतेक ग्राहकांची टोकनं एका कंपनीची, या संचालकांचं दुसऱ्या कंपनीचं. टोकन फिरवून त्यावरचं नाव वाचायचं आणि त्याच नावाचं सॉफ्टवेअर, शक्यतो टोकन देणाऱ्या परवानाधारक प्रमाणन संस्थेच्या वेबसाइटवरून, उतरवून घ्यायचं. टोकनच्या ‘सीडी’तली फाइल दोन-तीन वर्षं जुनी असू शकते. बसवताना ब्राउझर आणि एम्ब्रिज बंद ठेवावं, फाइलवर उजवं क्लिक करून `Run as administrator` निवडावं आणि नंतर कॉम्प्युटर एकदा पुन्हा सुरू करावा.

बसवल्यावर लगेच पोर्टलकडे धावू नये. टोकनच्या सॉफ्टवेअरची स्वतःची खिडकी उघडावी, पिन टाकावा आणि आत संचालकांच्या नावाचं प्रमाणपत्र दिसतंय का, त्याची मुदत संपलेली नाही ना, हे पाहावं. काही जण यासाठी `certmgr.msc`मध्ये जाऊन विंडोजच्या प्रमाणपत्रांची यादी पाहतात. ती यादी दगा देऊ शकते, कारण टोकन काढून घेतल्यावरही प्रमाणपत्राची प्रत तिथे तशीच पडून राहिलेली असते. नाव दिसतंय म्हणून टोकन चालू आहे असं मानलं की तासभर वाया गेलाच समजा. टोकनच्या स्वतःच्या खिडकीत प्रमाणपत्र दिसलं, तरच खालच्या दोन्ही कड्या शाबूत.

इतकं होऊनही पोर्टल ‘युटिलिटी चालू करा’ म्हणत असेल, तर तिसऱ्या कडीकडे या. ही माझ्या मते सगळ्यात मजेशीर, कारण ती कशी जोडलेली आहे हे फारच थोड्यांना माहीत असतं. एम्ब्रिज तुमच्या कॉम्प्युटरवर एक छोटा सर्व्हर चालवते आणि ब्राउझर त्याला या पत्त्यावर हाक मारतो:

```
https://localhost.emudhra.com:26769
```

पत्ता बाहेरच्या वेबसाइटसारखा दिसतो, पण `localhost.emudhra.com` या नावाचा अर्थ लागतो तो 127.0.0.1, म्हणजे ‘हाच कॉम्प्युटर’. असा वळसा घालायचं कारण साधं आहे. आयकर पोर्टल कुलूपबंद, सुरक्षित जोडणीवर चालतं, म्हणून ब्राउझरला एम्ब्रिजशीही तशाच जोडणीने बोलायचं असतं. त्यासाठी लागणारं वेबसाइटचं प्रमाणपत्र निव्वळ `localhost` या नावाला सर्वमान्य संस्था देत नाहीत. खऱ्या डोमेनला देतात. म्हणून खरं डोमेन घेतलं आणि ते तुमच्याच कॉम्प्युटरकडे वळवलं.

हा पत्ता ब्राउझरमध्ये टाकून पाहणं ही या सगळ्या प्रकरणातली सर्वांत उपयोगी चाचणी. काहीही उत्तर आलं, अगदी कोरं पान किंवा ‘सापडलं नाही’ असा मजकूर आला, तरी एम्ब्रिज जिवंत आहे आणि ब्राउझर तिच्यापर्यंत पोहोचतोय. `ERR_CONNECTION_REFUSED` आलं तर एम्ब्रिज चालूच नाही. स्टार्ट मेनूतून ती सुरू करायची, तरीही तेच आलं तर अँटिव्हायरसने तिला अडवलंय का ते पाहायचं. `ERR_CERT_DATE_INVALID` आलं तर आधी कॉम्प्युटरचं घड्याळ बघा. ते बरोबर असेल तर तुमची एम्ब्रिज जुनी झाली आहे. तिच्यासोबत येणाऱ्या त्या वेबसाइट-प्रमाणपत्रालाही मुदत असते, आणि ती उलटली की ब्राउझर दार लावून घेतो. नवी आवृत्ती उतरवून घेणं हाच त्यावर उपाय.

चौथं उत्तर जरा चकवणारं: `DNS_PROBE_FINISHED_NXDOMAIN`, म्हणजे हे नाव कुणाचं तेच कळलं नाही. एम्ब्रिज चालू, टोकन चालू, इंटरनेटही चालू, तरी हे येतं. बाहेरचं एखादं नाव आतल्या पत्त्याकडे बोट दाखवत असेल तर त्यात हल्लेखोराचा डाव असू शकतो, असं गृहीत धरून काही राउटर आणि इंटरनेट पुरवठादार असं उत्तर गाळून टाकतात. सावधगिरी योग्यच आहे, पण आपलं काम अडतं. म्हणूनच ‘घरी चालतं, ऑफिसात चालत नाही’ किंवा ‘मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लगेच झालं’ असे चमत्कार घडतात. कायमचा तोडगा म्हणजे नोटपॅड `Run as administrator`ने उघडून `C:\Windows\System32\drivers\etc\hosts` या फाइलच्या शेवटी एक ओळ जोडायची:

```
127.0.0.1 localhost.emudhra.com
```

जोडल्यावर कॉम्प्युटर बाहेर कुणाला विचारायला जात नाही. ऑफिसचं नेटवर्क सांभाळणारा माणूस असेल तर ही ओळ त्याच्याकडूनच घालून घ्यावी.

आता ब्राउझर. क्रोम, एज, फायरफॉक्स, कुठलाही चालू आवृत्तीचा ब्राउझर या कामाला पुरतो. मात्र एक नवी गोष्ट माहीत हवी. ऑक्टोबर 2025च्या अखेरीस आलेल्या क्रोम 142पासून, एखादी वेबसाइट तुमच्या कॉम्प्युटरवरच्या किंवा घरच्या नेटवर्कवरच्या प्रोग्रामशी बोलू पाहत असेल तर क्रोम आधी तुमची परवानगी विचारतो. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात छोटी चौकट येते: ही साइट तुमच्या स्थानिक नेटवर्कवरची उपकरणं शोधू पाहतेय, `Allow` की `Block`? सावध माणूस `Block` दाबतो आणि ते एरवी शहाणपणाचंच आहे. पण आयकर पोर्टलवर `Block` दाबलं की एम्ब्रिजशी बोलणं तुटतं, आणि क्रोम पुन्हा विचारत नाही. पत्त्याच्या डावीकडचं चिन्ह दाबून साइटच्या परवानग्यांत गेलं की हा निर्णय बदलता येतो. मात्र आधी पत्ता `incometax.gov.in`चाच आहे याची खात्री करा. भलत्या साइटला ही मुभा देऊ नये.

‘काल चालत होतं, आज काय झालं?’ या प्रश्नाचं उत्तर बहुधा अशाच एखाद्या अपडेटमध्ये असतं. 14 ऑक्टोबर 2025च्या विंडोज अपडेटनंतर स्मार्ट कार्डवर अवलंबून असलेले काही प्रोग्राम सही करेनासे झाले. सुरक्षेच्या कारणासाठी विंडोजने अशा किल्ल्या हाताळायची जुनी पद्धत सोडून नवी धरली, आणि जुन्यावर विसंबलेली सॉफ्टवेअर अडली. ही अडचण मायक्रोसॉफ्टनेही मान्य केली. असा फटका बसला की अपडेट काढून टाकायचा मोह होतो. त्याऐवजी टोकनच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आलीय का ते आधी पाहावं.

दूरवरून काम करणाऱ्यांसाठी एक वेगळी गोम आहे. टोकन ऑफिसातल्या कॉम्प्युटरला लावलेलं, आणि तुम्ही घरून विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपने त्यावर काम करताय. टोकन दिसणार नाही. बिघाड कसलाच नाही. रिमोट डेस्कटॉपमध्ये विंडोज स्मार्ट कार्ड तुमच्या समोरच्या कॉम्प्युटरवर शोधतं, तिकडच्या पोर्टातलं बघतच नाही. टोकन घरच्या कॉम्प्युटरला लावा, किंवा तिकडचा पडदा जसाच्या तसा दाखवणारं एनीडेस्कसारखं सॉफ्टवेअर वापरा.

एवढ्या खटपटीत एक चूक मात्र अशी आहे जी सुधारता येत नाही. टोकनच्या सॉफ्टवेअरमध्ये `Initialize` किंवा `Format` असं बटण असतं. पिन सारखा चुकला की टोकन लॉक होतं आणि कुणीतरी, बहुतेक वेळा फोनवरून मदत करणारा हार्डवेअरवाला, हे बटण दाबायला सांगतो. दाबलं की टोकन नव्यासारखं होतं, आणि आतली किल्ली कायमची पुसली जाते. तिची दुसरी प्रत कुठेच नसते. प्रमाणन संस्थेकडेही नसते, ती नसावी हाच तर सगळा बेत. मग नवं प्रमाणपत्र विकत घ्यायचं, ओळखपत्रं आणि व्हिडिओ पडताळणी पुन्हा करायची आणि ते संचालकांच्या खात्यात `Register DSC`मध्ये नव्याने नोंदवायचं. 31 तारखेच्या संध्याकाळी हे जमणं कठीण. पिन अडकला तर ज्यांच्याकडून टोकन घेतलं त्यांना आधी विचारा, न पुसता तो सोडवता येतो का.

आणि तो पिन. अनेक ऑफिसांत पंचवीस-तीस संचालकांची टोकनं एका खणात असतात, प्रत्येकाला चिकटवलेल्या कागदावर पिन. कामाच्या सोयीचं आहे, मीही समजू शकतो. पण माहिती तंत्रज्ञान कायदा 2000च्या कलम 42नुसार गुप्त किल्लीवर आपला ताबा राहील याची काळजी घेण्याची जबाबदारी प्रमाणपत्रधारकाची आहे. खणातल्या टोकनने झालेली सही तुम्हीच केली असं धरलं जाईल.

तारीख उद्यावर आली आणि इतकं करूनही यादी रिकामीच राहिली, तर त्या कॉम्प्युटरशी झगडत बसू नका. तुमचं डीएससी आयकर पोर्टलवर नोंदलेलं असतं ते तुमच्या खात्यात, कॉम्प्युटरशी त्याचा काही संबंध नसतो. ज्या कॉम्प्युटरवर त्याच कंपनीच्या टोकनने नुकतीच आयकराची सही झाली आहे, तिथे टोकन घेऊन जा, लॉग इन करा आणि सही करून टाका. बिघडलेल्या कॉम्प्युटरचं मुदत उलटल्यावर बघता येईल.